आधी काय संपतं, तेल की कॉस्टिक?

५०० ग्रॅम खोबरेल तेल, ८५ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि साधारण २०० ग्रॅम पाणी. घरी साबण करणाऱ्यांच्या वह्यांमध्ये अशा कृती सर्रास सापडतात. कॉस्टिक पाण्यात विरघळवायचं, ते पाणी कोमट झालं की तेलात ओतायचं, घोटायचं, घट्ट होत आलं की साच्यात भरायचं. दुसऱ्या दिवशी वडी तयार, आणि चार ते सहा आठवडे वाळली की वापरायला योग्य. कृती सोपी आहे, पण तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि वडी कापून, वास घेऊन किंवा रंग पाहून त्याचं उत्तर मिळत नाही. तेल आणि कॉस्टिक या दोघांतलं आधी काय संपलं? आणि जे संपलं नाही ते वडीत किती ग्रॅम उरलं?

तेल उरलं असेल तर साबण जरा मऊ लागतो, त्वचेवर थोडा तेलकटपणा राहतो, आणि बहुतेकांना तो हवाच असतो. कॉस्टिक उरलं असेल तर तोच साबण हात कोरडे पाडतो, चुरचुरतो, जास्त असेल तर भाजतोसुद्धा. म्हणजे उरतं काय यावर सगळं ठरतं, आणि ते साबण करायच्या आधी कागदावर काढता येतं. अकरावीच्या रसायनशास्त्रात हे गणित लिमिटिंग रिएजंट या नावाने येतं. दोन पदार्थांची वजनं दिलेली असतात, त्यांतला आधी संपणारा पदार्थ ओळखायचा असतो. तो संपला की अभिक्रिया थांबते, म्हणून मर्यादा घालणारा पदार्थ तोच.

आधी आत काय घडतं ते पाहू. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला जोडलेली तीन मेदाम्लं. तेल आणि चरबी यांची ही रचना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्रल यांनी उलगडली आणि १८२३ साली ग्रंथरूपाने मांडली. कॉस्टिक सोडा, म्हणजे NaOH, या रेणूवर काम करू लागला की तिन्ही मेदाम्लं कण्यापासून सुटतात आणि प्रत्येकाला एकेक सोडियम मिळतो. मेदाम्लाचं हे सोडियमयुक्त रूप म्हणजेच साबण. मोकळं झालेलं ग्लिसरीन घरच्या साबणात तसंच राहतं. थोडक्यात हिशोब असा:

तेलाचा १ रेणू + NaOH चे ३ → ग्लिसरीनचा १ रेणू + साबणाचे ३

या ओळीतला ३ हा आकडा सगळ्या गणिताचा आधार आहे. पाण्याचं नाव त्या ओळीत नाही. पाणी फक्त कॉस्टिक विरघळवायला आणि मिश्रण फिरतं ठेवायला असतं. ते थोडं कमी-जास्त झालं तर घोटायला किती वेळ लागेल ते बदलेल, पण शेवटी काय उरेल ते बदलणार नाही.

एक आणि तीन हे प्रमाण डोळ्यांसमोर आणायला रिक्षाचा कारखाना घेऊ. एका रिक्षाला एक सांगाडा आणि तीन चाकं लागतात. गोदामात ८ सांगाडे आणि २१ चाकं आहेत. संख्येने चाकं कितीतरी जास्त, तरी आधी चाकंच संपतील, कारण २१ चाकांत ७ रिक्षा होतात आणि एक सांगाडा तसाच पडून राहतो. म्हणून नुसतं ८ आणि २१ यांची तुलना करून भागत नाही. चाकांना ३ ने भागायचं, सांगाड्यांना १ ने भागायचं, आणि मग तुलना करायची. आता गोदामातला माल मोजून न देता वजनकाट्यावर घालून दिला असता तर? सांगाड्यांचं वजन चाकांपेक्षा प्रचंड भरलं असतं, पण त्यावरून आधी काय संपेल हे काही कळलं नसतं. आधी एका सांगाड्याचं आणि एका चाकाचं वजन माहीत करून घेऊन नग काढावे लागले असते.

साबणाच्या पातेल्यापाशी आपण नेमके याच स्थितीत असतो. हातात ग्रॅम आहेत, हवे आहेत नग. रसायनशास्त्रात नग मोजायचं माप म्हणजे मोल. कॉस्टिकचा एक मोल ४० ग्रॅमचा: सोडियमचे २३, ऑक्सिजनचे १६ आणि हायड्रोजनचा १. तेलाच्या बाबतीत मात्र जरा थांबावं लागतं, कारण खोबरेल तेलात एकाच प्रकारचे रेणू नसतात. लॉरिक अम्ल सर्वांत जास्त, पण मिरिस्टिक, पामिटिक, कॅप्रिलिक अशी बाकीचीही असतात. त्यामुळे सरासरी घ्यावी लागते, आणि ती सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू नावाच्या आकड्यातून मिळते. खोबरेल तेलासाठी तो साधारण २५७ धरतात. अर्थ असा, की १ ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण करायला २५७ मिलिग्रॅम KOH लागतं. KOH म्हणजे कॉस्टिक पोटॅश. त्याचा मोल ५६.१ ग्रॅमचा आणि तीन मोल १६८.३ ग्रॅमचे. १६८.३ ला ०.२५७ ने भागलं की ६५५ येतात. खोबरेल तेलाचा सरासरी मोल झाला ६५५ ग्रॅमचा.

हा आकडा पोटॅशचा आहे हे विसरू नये. ‘२५७ म्हणजे ग्रॅमला ०.२५७’ असं म्हणून ५०० ग्रॅम तेलात कुणी १२८.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा घातला, तर तो गरजेपेक्षा जवळजवळ ३७ ग्रॅम जास्त होतो. सोड्याचा रेणू पोटॅशहून हलका, म्हणून तेवढ्याच ग्रॅममध्ये त्याचे नग जास्त भरतात. अशी वडी अंगाला लावण्यासारखी नसते.

आता आपली कृती. तेल ५०० ग्रॅम, म्हणजे ५०० ÷ ६५५ = ०.७६३ मोल. कॉस्टिक ८५ ग्रॅम, म्हणजे ८५ ÷ ४० = २.१२५ मोल. मोलच्या आकड्यांवर नजर टाकली तर तेल कमी वाटतं, आणि पुष्कळ विद्यार्थी इथेच ‘तेल आधी संपेल’ असं लिहून मोकळे होतात. पण रिक्षाची चाकं आठवा. कॉस्टिकचे मोल ३ ने भागायचे: २.१२५ ÷ ३ = ०.७०८. तेलाचे १ ने भागले तर ०.७६३ तसेच राहतात. आता ०.७०८ लहान आहे. आधी कॉस्टिक संपतं.

उरलेलं तेल काढायचं तर आधी वापरलं गेलेलं तेल काढावं लागतं, आणि ते संपलेल्या पदार्थावरूनच निघतं. कॉस्टिकने ०.७०८ मोल तेलाचा साबण केला. ०.७०८ × ६५५ म्हणजे सुमारे ४६४ ग्रॅम. घातलं होतं ५००, वापरलं गेलं ४६४, उरलं ३६ ग्रॅम. घातलेल्या तेलाच्या सात टक्क्यांहून थोडं जास्त. साबण करणारे याला सुपरफॅट म्हणतात, आणि अंगाच्या साबणाला पाच ते आठ टक्के सुपरफॅट ही त्यांच्यात रूढ असलेली मर्यादा आहे. म्हणजे वहीतली ही कृती चांगली आहे.

आता तेल तेवढंच ठेवून कॉस्टिक ८५ ऐवजी १०० ग्रॅम करू. पंधरा ग्रॅमचाच फरक. कॉस्टिकचे मोल झाले २.५, तीनने भागून ०.८३३. तेलाचे ०.७६३ तसेच. यावेळी तेल लहान ठरलं, आधी तेल संपेल. ०.७६३ मोल तेलाला त्याच्या तिप्पट, म्हणजे २.२९ मोल कॉस्टिक लागतं, आणि ते होतं ९१.६ ग्रॅम. १०० मधून ९१.६ गेले, उरलं ८.४ ग्रॅम कॉस्टिक. पाण्यासकट सगळं मिश्रण ८०० ग्रॅमचं धरलं, तर शंभर ग्रॅमच्या ओल्या वडीत ते एक ग्रॅमच्या आसपास पडतं. वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावरच्या कॉस्टिकचा धुण्याचा सोडा करतो, पण वडीच्या पोटातल्या कॉस्टिकपर्यंत तो सहजी पोचत नाही.

या दोन उदाहरणांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते असं. ग्रॅम पाहून अंदाज करणाऱ्याने दोन्ही वेळा ‘कॉस्टिक कमी आहे’ असंच म्हटलं असतं; तो पहिल्यांदा बरोबर आला असता आणि दुसऱ्यांदा चुकला असता. नुसते मोल पाहणाऱ्याने दोन्ही वेळा ‘तेल कमी आहे’ म्हटलं असतं. तो पहिल्यांदा चुकला असता आणि दुसऱ्यांदा बरोबर आला असता. दोघांनाही एकेकदा उत्तर जुळल्याचं समाधान मिळालं असतं. म्हणूनच ही चूक टिकून राहते. परीक्षेतल्या एखाद्या उदाहरणात चुकीच्या वाटेनेही उत्तर बरोबर येतं, आणि वाट चुकीची होती हे कळतच नाही.

चूक पकडायची एक खात्रीची खूण मात्र आहे. पहिल्या कृतीत आपण चुकून तेलच आधी संपतं असं धरलं, तर त्याला ९१.६ ग्रॅम कॉस्टिक लागेल. आपल्याकडे आहे ८५. वजाबाकी केली की उरलेलं कॉस्टिक येतं उणे ६.६ ग्रॅम. उणे वजनाचा पदार्थ पातेल्यात असू शकत नाही. असं उत्तर आलं की आधी संपणारा पदार्थ चुकीचा निवडला आहे हे पक्कं समजावं आणि दुसऱ्या बाजूने गणित करावं. काही जण तर पहिल्यापासून हीच पद्धत वापरतात: ५०० ग्रॅम तेलाला किती कॉस्टिक लागेल ते काढायचं आणि आपल्याकडचं त्याहून कमी आहे की जास्त ते पाहायचं. तीही तितकीच बरोबर आहे आणि हाताने करायला सोपी आहे.

पण या सोप्या वाटेवर एक खड्डा आहे. ९१.६ लागतात, ८५ आहेत, फरक ६.६, म्हणून ‘६.६ ग्रॅम उरले’ असं लिहिलं जातं. हे ६.६ ग्रॅम कॉस्टिकचे आहेत, आणि तेही कमी पडलेले. उरलं आहे ते तेल. तेवढ्या कॉस्टिकने जितक्या तेलाचा साबण केला असता तितकं तेल शिल्लक राहतं: ६.६ × ६५५ ÷ १२०, म्हणजे पुन्हा ३६ ग्रॅमच. एका पदार्थाची तूट दुसऱ्याच्या शिलकीत बदलताना मोलमधून जावंच लागतं. दोन्ही वाटांनी ३६ आले, ही गणिताची पडताळणीही झाली.

कागदावर ३६ आले म्हणून वडीत नेमके ३६ ग्रॅम तेल असेल असं मात्र समजू नये. २५७ हा मधला आकडा आहे. खोबरेल तेलाची सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू २४८ ते २६५ या पट्ट्यात फिरते. २४८ च्या तेलाचे ५०० ग्रॅम ८८.४ ग्रॅम कॉस्टिक घेतात, २६५ च्या तेलाचे ९४.५ ग्रॅम. त्यामुळे ८५ ग्रॅम कॉस्टिकच्या कृतीत उरलेलं तेल १९ ग्रॅमही असू शकतं आणि ५० ग्रॅमही. दिलासा एवढाच, की या सगळ्या पट्ट्यात आधी संपणारं कॉस्टिकच राहतं. सुपरफॅट ठेवण्यामागे हेही एक कारण आहे: तेलाच्या स्वभावातला फरक पोटात घ्यायला ती जागा लागते.

कॉस्टिकच्या बाजूनेही फरक पडतो. त्याच्या पापुद्र्यांचा डबा उघडा राहिला तर ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. मग काट्यावर ८५ ग्रॅम भरले तरी त्यात कॉस्टिक त्याहून कमी असतं. उदाहरणार्थ ते ९७ टक्केच शुद्ध असेल, तर कामाचे ८२.४५ ग्रॅम. तेवढं जवळपास ४५० ग्रॅम तेल वापरतं आणि ५० ग्रॅम उरतं. ही चूक निदान सुरक्षित बाजूची आहे. साबण जरा मऊ आणि तेलकट होईल इतकंच.

तेल बदललं तर मात्र गोष्ट उलटते. घरात खोबरेल नव्हतं म्हणून कुणी त्याच कृतीत ५०० ग्रॅम शेंगदाणा तेल घातलं असं समजा. शेंगदाणा तेलातली मेदाम्लं लांब साखळ्यांची असतात, त्यामुळे त्याचा रेणू जड आणि मोल सुमारे ८८० ग्रॅमचा. ५०० ÷ ८८० = ०.५६८. कॉस्टिकचा आकडा तोच, ०.७०८. आता तेल आधी संपतं. त्याला १.७०५ मोल, म्हणजे ६८.२ ग्रॅम कॉस्टिक पुरेसं आहे, आणि ८५ मधले जवळजवळ १७ ग्रॅम तसेच राहतात. वजन एका ग्रॅमनेही बदललं नाही, कृती तीच, तरी सौम्य साबणाच्या जागी भाजणारा साबण झाला. ‘तेल ते तेल’ हे फोडणीला चालेल, साबणाला नाही.

वडी झाल्यावर शंका आली तर तपासायचं कसं? साबणाच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकून गुलाबी रंग पाहणं ही प्रचलित रीत आहे, पण तिच्यावर फार विसंबता येत नाही. चांगला साबणही पाण्यात थोडा अल्कधर्मी असतो, त्यामुळे फिकट गुलाबी छटेवरून काही ठरत नाही. प्रयोगशाळेत साबण गरम इथाइल अल्कोहोलमध्ये विरघळवतात. तिथे साबण स्वतः रंग देत नाही. गुलाबी दिसलं तर मोकळं कॉस्टिक आहे असा अर्थ घेता येतो.

गणित बरोबर असूनही कधीकधी वडी भाजते. गणितात आपण धरलेलं असतं, की दोन्ही पदार्थ एकमेकांना पूर्ण भेटले आणि एकजण संपेपर्यंत अभिक्रिया चालली. खोबरेल तेल साधारण २५ अंशांच्या खाली गोठू लागतं. थंडीत घोटताना ते गोठूनच घट्ट होतं, आणि करणाऱ्याला वाटतं की साबण धरू लागला. साच्यात भरल्यावर मग एकीकडे निव्वळ तेलाचा थर आणि दुसरीकडे कॉस्टिकच्या पाण्याचे कप्पे राहतात. सरासरीने ३६ ग्रॅम तेल जास्त असलं तरी त्या कप्प्यांपुरतं कॉस्टिकच जास्त असतं. कापलेल्या वडीत पाणावलेले डाग किंवा पांढरे ओले कप्पे दिसले तर ती वडी वापरू नये.

मोठ्या कारखान्यात पारंपरिक पद्धतीने साबण उकळतात तेव्हा हा हिशोब मुद्दाम उलटा असतो. तिथे कॉस्टिक थोडं जास्त घालतात, म्हणजे सगळं तेल संपतं. मग मिठाचं पाणी घालून साबण वेगळा काढतात. जास्तीचं कॉस्टिक आणि ग्लिसरीन त्या खाऱ्या पाण्यात खाली जातं. घरच्या थंड पद्धतीत अशी धुण्याची सोयच नाही. जे उरेल ते वडीतच राहणार. त्यामुळे उरलेलं चालेल असा एकच पदार्थ हाती राहतो, तेल.

म्हणून घरी गणित उलट्या टोकाकडून करणं अधिक सोयीचं. किती तेल उरवायचं ते आधी ठरवा. ५०० ग्रॅममधले पाच टक्के, म्हणजे २५ ग्रॅम उरवायचे असतील, तर ४७५ ग्रॅमचाच साबण व्हायला हवा. ४७५ × १२० ÷ ६५५ = ८७ ग्रॅम कॉस्टिक. पुढचा प्रश्न काट्याचा. पूर्ण तेलाची गरज ९१.६ आहे, म्हणजे ८७ पासून वर फक्त ४.६ ग्रॅमची मोकळीक. पाच-पाच ग्रॅमने सरकणारा स्वयंपाकघरातला जुना काटा यासाठी घेतला, तर त्याच्या एकाच घराच्या चुकीने आधी संपणारा पदार्थ बदलू शकतो. कॉस्टिक तोलायला १ ग्रॅम किंवा त्याहून बारीक वाचणारा काटा हवा. तेलाच्या बाजूला मात्र ५ ग्रॅमची चूक झाली तरी कॉस्टिकची गरज एका ग्रॅमहून कमीच बदलते. आणि तोललेलं कॉस्टिक पाण्यात थोडं थोडं सोडायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घालून, स्टीलच्या भांड्यात. ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं तर कॉस्टिक त्या धातूवरही हल्ला करून हायड्रोजन सोडतं, आणि काळजीपूर्वक तोललेल्या ८७ ग्रॅममधलं थोडं तिथेच खर्ची पडतं.